हाडांच्या ठिसूळपणाचं औषध चालू आहे आणि दात काढायचाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात दातांचा दवाखाना चालवताना माझी एक सवय पक्की झाली आहे. साठीच्या पुढचं माणूस खुर्चीत बसलं की औषधांची पिशवी बघायची, आणि पिशवी बघून झाली की आणखी एक प्रश्न विचारायचा: "वर्षातून एकदा सलाईन किंवा सहा महिन्यांनी पोटावर, दंडावर सुई घेता का?" कारण बी.पी.ची, साखरेची, पित्ताची गोळी पिशवीत असते. हाडं बळकट करणारं इंजेक्शन पिशवीत नसतं. ते घेऊन माणूस घरी येतं आणि विसरून जातं. दात काढायच्या वेळी मात्र सगळ्यात महत्त्वाची माहिती तीच असते, कारण या औषधांमुळे क्वचित दात काढलेली जागा मिटत नाही आणि तिथलं जबड्याचं हाड मरतं. खालचे प्रश्न रुग्ण आणि त्यांच्या घरची मंडळी मला नेहमी विचारतात.

नेमकी कोणती औषधं म्हणायची? कॅल्शियमची गोळी यात येते का?

नाही. कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा या त्रासाशी संबंध नाही, त्या घेत राहा.

आपण बोलतोय ते हाडांची झीज थांबवणाऱ्या औषधांबद्दल. त्यांचे दोन मोठे गट आहेत. पहिला बिस्फॉस्फोनेटचा. यात आठवड्यातून एकदा घ्यायची अॅलेंड्रोनेट किंवा रायसेड्रोनेट, महिन्यातून एकदा घ्यायची इबँड्रोनेट आणि वर्षातून एकदा सलाईनमधून दिलं जाणारं झोलेड्रोनिक अॅसिड येतं. दुसरा गट डिनोसुमॅबचा. त्याची ६० मिलिग्रॅमची सुई दर सहा महिन्यांनी कातडीखाली देतात.

नाव आठवत नसेल तर खूण आठवा. "रविवारी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं पडायचं नाही" असं डॉक्टरांनी ज्या गोळीबद्दल बजावलं होतं, ती बहुधा याच गटातली. वर्षाच्या सलाईननंतर एक-दोन दिवस अंग मोडून ताप आला होता, असंही पुष्कळ जण सांगतात. तेवढ्यावरून आम्हाला अंदाज येतो. मग फाईल किंवा मेडिकलचं बिल मागवून खात्री करतो.

हाडं मजबूत करणारं औषध जबड्याचं हाड कसं बिघडवतं?

हाड दगडासारखं कायमचं नसतं. एक प्रकारच्या पेशी जुनं हाड खरवडून काढत असतात आणि दुसऱ्या पेशी त्या जागी नवं भरत असतात. वय वाढलं, पाळी थांबली की खरवडणं भरण्यापेक्षा जास्त होतं आणि हाड पोकळ पडत जातं. ही औषधं खरवडणाऱ्या पेशींचं काम मंद करतात. म्हणून मणका आणि खुबा वाचतो, आणि हा फायदा फार मोठा आहे.

पण दात काढल्यावर जो खड्डा पडतो, त्याच्या कडांचं दुखावलेलं हाड आधी खरवडून साफ व्हावं लागतं. तरच त्यावर नवं हाड भरतं आणि हिरडी मिटते. खरवडणाऱ्या पेशीच थंड पडल्या असतील, तर ते मेलेलं हाड जागच्या जागी राहतं. त्यात तोंड ही जंतूंनी भरलेली जागा. शिवाय जबड्यावर हिरडीचं आवरण इतकं पातळ असतं की हाड सहज उघडं पडतं. पायाचं किंवा हाताचं हाड असं उघड्यावर येत नाही, म्हणून हा त्रास मुख्यतः जबड्यातच दिसतो आणि वरच्यापेक्षा खालच्या जबड्यात बराच जास्त.

असे रुग्ण पहिल्यांदा ठळकपणे २००३ साली अमेरिकेत नोंदले गेले. ते बहुतेक कॅन्सरसाठी मोठ्या डोसची सलाईन घेणारे होते. हे मुद्दाम सांगतोय, कारण त्यांची भीती आठवड्याची गोळी घेणाऱ्या माणसाने तशीच्या तशी अंगावर घेऊ नये.

मग मला धोका किती?

औषध कशासाठी आणि किती डोसमध्ये चालू आहे, यावर सगळं अवलंबून आहे. अमेरिकेतल्या तोंड-जबड्याच्या शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनात दिलेले आकडे मी रुग्णांना सोपे करून सांगतो. ठिसूळपणासाठी बिस्फॉस्फोनेट घेणाऱ्या हजार जणांचे दात काढले, तर एखाद्याला किंवा फार तर दोघांना हा त्रास होतो. सहा महिन्यांची डिनोसुमॅबची सुई घेणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आहे. कॅन्सर हाडात पसरला म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी मोठा डोस घेणाऱ्यांचं चित्र वेगळं आहे. तिथे दात काढल्यावर शंभरात दोघांपासून ते चौदा-पंधरा जणांपर्यंत असे निरनिराळे आकडे आलेले आहेत.

काही गोष्टींनी पारडं खाली झुकतं: पाच वर्षांहून जास्त काळ चाललेलं औषध, सोबत दमा किंवा संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या, हाताबाहेर गेलेली साखर, तंबाखू आणि हिरड्यांचा जुना पू. आपल्याकडे मिश्रीचं मला विशेष वाटतं. विडी वळणाऱ्या बायकांत आणि खेड्यांतल्या आज्यांमध्ये मिश्री अजून आहे. ती फक्त लावली जात नाही, बोटाने घासली जाते. ताज्या जखमेवर तंबाखूची राख चोळणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

दात काढायच्या आधी औषध बंद करू का?

स्वतःच्या मनाने अजिबात करू नका. मला सगळ्यात जास्त काळजी याच प्रश्नाची वाटते, कारण याचं उत्तर प्रत्येक औषधाला वेगळं आहे आणि शेजारणीला मिळालेलं उत्तर तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

बिस्फॉस्फोनेट हाडात जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. म्हणून दोन-चार आठवडे गोळी थांबवून हाडातलं औषध कमी होत नाही. अशी सुट्टी घेतल्याने जबडा वाचतो, असं ठामपणे सिद्धही झालेलं नाही. वर्षाच्या सलाईनचं तेच. त्यामुळे दात काढायची गरज असेल तेव्हा काढायचा. पुढचं सलाईन जवळ आलं असेल तर जखम मिटेपर्यंत ते थोडं पुढे ढकलता येईल का, एवढं हाडांच्या डॉक्टरांना विचारायचं.

डिनोसुमॅबचं नेमकं उलटं आहे. ते हाडात साठत नाही. सहा महिने संपत आले की त्याचा असर उतरतो आणि दाबून ठेवलेल्या खरवडणाऱ्या पेशी एकदम जोरात कामाला लागतात. सुई ठरल्या तारखेपेक्षा महिनाभराहून जास्त लांबली, तर मणक्याचे फ्रॅक्चर होऊ शकतात, तेही एकाच वेळी दोन-तीन मणक्यांचे. म्हणजे एका दाढेच्या भीतीने सुई टाळायची आणि पाठ मोडून घ्यायची, असं होतं. दाताच्या डॉक्टरने "आधी इंजेक्शन बंद करा, सहा महिन्यांनी या" असं सांगितलं, तर सुई देणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ते मानू नका. हे मी माझ्याच व्यवसायातल्या लोकांबद्दल म्हणतोय, आणि पूर्ण विचार करून म्हणतोय.

सुई बंद करायची नाही, मग दात काढायचा कधी?

एका आजींचं उदाहरण सविस्तर सांगतो, म्हणजे हिशोब कळेल.

वय ६८, आयुष्यभर विड्या वळल्या. मनगट मोडल्यावर हाडं ठिसूळ असल्याचं कळलं आणि दोन वर्षांपासून सहा महिन्यांची सुई चालू झाली. साखरही आहे. २८ मार्चला सून घेऊन आली. खालची डावी दाढ हलत होती आणि भाकरी चावताना टोचत होती. सूज नव्हती, पू नव्हता. एक्स-रेत दाढेभोवतीचं हाड हिरडीच्या रोगाने खालपर्यंत गेलेलं दिसलं. ती दाढ वाचणारी नव्हती.

पिशवीत सुईचा पत्ता नव्हता. विचारल्यावर आजी म्हणाल्या, "सुई व्हय? ती घेतली की, गड्ड्याच्या तोंडावर." गड्डा म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा, ती संक्रांतीला असते. सुनेने घरी फोन करून फाईल बघायला सांगितली. तारीख निघाली १० जानेवारी. म्हणजे पुढची सुई १० जुलैला.

या सुईचा असर तीन-चार महिन्यांनंतर ओसरायला लागतो. दात काढायला तीच वेळ बरी. काढल्यावर पुढची सुई येईपर्यंत सहा ते आठ आठवडे मिळाले, की हिरडी मिटायला सवड मिळते. १० जानेवारीपासून साडेतीन महिने म्हणजे २५ एप्रिल. तिथून आठ आठवडे म्हणजे २० जून. सुई १० जुलैला. सगळं बसत होतं आणि एकही सुई एका दिवसानेही पुढे ढकलावी लागत नव्हती. सुई देणाऱ्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी होकार दिला.

मधले चार आठवडे नुसती वाट बघितली नाही. दातांची साफसफाई केली. उपाशीपोटीची साखर २०० च्या पुढे होती. त्यांच्या फिजिशियननी औषध बदललं आणि ती १४० च्या आसपास आली. मिश्री सोडणं अवघड गेलं. आजींनी ती "दाढ काढेपर्यंत आणि मिटेपर्यंत" या अटीवर सोडली आणि मी ती अट मान्य केली.

२५ एप्रिलला सकाळी दाढ काढली. ३ मेला जखम स्वच्छ होती. २३ मेला हिरडी बरीचशी मिटली होती, एका कोपऱ्यात अन्न अडकत होतं. २० जूनला सगळीकडे गुलाबी हिरडी होती, हाड कुठेही उघडं नव्हतं. १० जुलैला सुई घेतली.

हलणारी, न सुजलेली दाढ थांबू शकते म्हणून हा हिशोब जमला. गाल सुजला असेल, ताप असेल, पू असेल तर तारखा मोजत बसायचं नाही. जंतुसंसर्ग तसाच ठेवला तर तो स्वतःच हाड नासवतो. पुष्कळदा दात काढल्यामुळे हाड मेलं असं वाटतं, पण दाताच्या मुळाशी कुजणं आधीपासून चालू असतं.

काढताना वेगळं काय करता?

फार काही जादू नाही, हात हलका ठेवायचा. आधी जबड्याचा पूर्ण एक्स-रे काढून मुळं किती वाकडी आहेत ते बघतो. क्लोरहेक्सिडिनच्या पाण्याने मिनिटभर चूळ भरायला लावतो. दाढ दोन मुळांची असेल तर पकड लावून हिसके न देता ती मधोमध कापतो आणि एकेक मूळ वेगळं उचलतो, म्हणजे भोवतीच्या हाडावर ताण येत नाही. हाडाची धारदार कड राहिली तर ती घासून गुळगुळीत करतो आणि हिरडी ओढून टाके घालतो. आजींना तीन टाके पडले.

अँटिबायोटिक द्यायचं की नाही यावर तज्ज्ञांची मतं एकसारखी नाहीत. फक्त गोळी चालू असलेल्या निरोगी माणसाला मी ते सरसकट देत नाही. साखर, स्टेरॉइड किंवा जास्त जोखीम असेल तर देतो.

दोन-तीन दात काढायचे असतील आणि जोखीम जास्त असेल, तर सगळे एका बैठकीत काढत नाही. आधी एका बाजूचे काढायचे, दोन महिने बघायचं, नीट मिटलं तर दुसरी बाजू. पंढरपूरहून किंवा अक्कलकोटहून येणाऱ्यांना हे हेलपाटे वाटतात, ते मला कळतं. तरी थांबा.

रक्त तपासून धोका कळतो का? एकाने सी.टी.एक्स. तपासणी सांगितली आहे.

ती हाडाच्या झिजेची तपासणी आहे. या त्रासाचं भाकीत तिच्यावरून भरवशाने करता येत नाही. मी ती सांगत नाही.

घरी आल्यावर काय काळजी घ्यायची?

पहिल्या दिवशी चूळ जोरात भरायची नाही, थुंकायचं नाही, रक्ताची गाठ निघते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळू चूळ, शिवाय सांगितलेलं क्लोरहेक्सिडिन सकाळ-संध्याकाळ. जखम सोडून बाकीचे दात ब्रशने घासायचेच. घाण दातांच्या शेजारी जखम मिटत नाही.

खाण्याबद्दल सोलापूरकरांना एक वेगळी सूचना द्यावी लागते. आपली कडक भाकरी जखमेच्या कडेवर काचेसारखी लागते, आणि शेंगाचटणीचे दाणे नेमके खड्ड्यात जाऊन बसतात. दोन-तीन आठवडे भाकरी आमटीत चुरून मऊ करून खा, नाहीतर भात खा. चटणी दह्यात कालवून, दुसऱ्या बाजूने. कवळी असेल तर जखम मिटेपर्यंत ती बाजूला ठेवा आणि नंतर घासत असेल तर घासून घ्या. कवळीच्या सततच्या टोचणीनेही, दात न काढता, हाड उघडं पडू शकतं.

बिघडतंय हे कसं ओळखायचं?

दात काढल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी जोराची कळ येणं हे बहुधा खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून गेल्याचं लक्षण असतं. ते कोणालाही होऊ शकतं, औषध चालू असो वा नसो. ड्रेसिंग केलं की आठ-दहा दिवसांत बसतं.

आपल्याला भीती आहे त्या त्रासाची चाल निराळी असते. तो सावकाश येतो आणि सुरुवातीला कधी कधी दुखतही नाही. जिभेला खड्ड्यात काहीतरी खरखरीत, भातात राहिलेल्या खड्यासारखं लागतं. आरशात बघितलं तर पिवळट पांढरं हाड दिसतं. पुढे वास, पू, हिरडीला किंवा हनुवटीखाली सूज. शेजारचे चांगले दात हलायला लागणं आणि खालचा ओठ बधिर होणं या दोन गोष्टी दिसल्या तर त्याच दिवशी या.

आठ आठवडे उलटूनही हाड उघडंच असेल किंवा हिरडीतल्या छिद्रातून सळई हाडाला लागत असेल, औषध या गटातलं असेल, आणि जबड्याला पूर्वी रेडिएशन दिलेलं नसेल व तिथे कॅन्सर पसरलेला नसेल, तर आम्ही याला औषधामुळे झालेलं जबड्याचं हाड मरणं म्हणतो. ही आठ आठवड्यांची मर्यादा निदानाला नाव देण्यासाठी आहे. तुम्ही तोपर्यंत घरी बसावं म्हणून नाही. चार आठवड्यांनी खड्डा उघडा दिसला तरी दाखवा.

इथे एक फरक सांगायला हवा. तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर होऊन जबड्यावर रेडिएशन घेतलेले बरेच लोक आपल्या भागात आहेत. त्यांचंही हाड मरू शकतं, पण तो वेगळा आजार आहे आणि त्याचा इलाज वेगळा असतो. रेडिएशन घेतलं असेल तर ते आधी सांगा.

झालंच, तर बरं होतं का?

बहुतेकांचं आटोक्यात येतं आणि पुष्कळांचं पूर्ण बरं होतं. दुखत नसेल, पू नसेल तर औषधी चुळा, स्वच्छता आणि वरचेवर तपासणी यावर भागतं. पू आणि दुखणं असेल तर अँटिबायोटिक द्यावं लागतं. मेलेल्या हाडाचा तुकडा कधी कधी आपोआप सुटा होतो. तो डॉक्टरांना काढू द्या. घरी चिमट्याने ओढला तर जिवंत हाडही सोबत तुटतं. पसरलं असेल तर मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढून हिरडी शिवतात आणि आता त्याचे निकाल चांगले येतात. हे काम जबड्याच्या सर्जनचं आहे, साध्या दवाखान्यातलं नाही.

आईला कॅन्सरसाठी दर महिन्याला सलाईन आहे आणि दाढ दुखतेय. काढून टाकू का?

शक्यतो नाही. स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात पसरला असेल, किंवा मल्टिपल मायलोमा असेल, तर झोलेड्रोनिक अॅसिड ४ मिलिग्रॅम दर तीन-चार आठवड्यांनी किंवा डिनोसुमॅब १२० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी देतात. ठिसूळपणासाठी झोलेड्रोनिक अॅसिड वर्षाला एकदाच ५ मिलिग्रॅम असतं, हे शेजारी ठेवून बघा म्हणजे फरक कळेल.

अशा वेळी दात वाचण्यासारखा नसला तरी मूळ आत ठेवायचं. रूट कॅनाल करून नस काढायची, वरचा मोडका भाग हिरडीपर्यंत कापायचा आणि मूळ सिमेंटने बंद करून सोडून द्यायचं. चावायला तो दात नसतो, पण दुखत नाही आणि हाड उघडत नाही. नातेवाइकांना हे अर्धवट काम वाटतं. "काढूनच टाका ना डॉक्टर, एकदाचं" असं हमखास म्हणतात. मी त्यांना कागदावर चित्र काढून दाखवतो. मुळाभोवती इतका पू असेल की ते ठेवताच येत नाही, तर जबड्याच्या सर्जनकडे, कॅन्सरच्या डॉक्टरांना कळवून.

औषध अजून सुरू व्हायचंय. आत्ता काय करू?

ही सगळ्यात चांगली वेळ आहे. बार्शीला किंवा सोलापुरात कॅन्सरचे उपचार ठरत असतील, तर पहिल्या सलाईनच्या आधी एकदा तोंड दाखवून घ्या. न वाचणारे दात तेव्हाच काढायचे, किडलेले भरायचे, टोचणारी कवळी दुरुस्त करायची. काढल्यावर हिरडी मिटायला किमान दोन-तीन आठवडे द्यायचे, चार-सहा मिळाले तर उत्तम. कॅन्सरचे डॉक्टर थांबता येणार नाही म्हणाले तर त्यांचं ऐकायचं.

ठिसूळपणाच्या गोळीसाठी इतकी घाई नसते. हलणारे दात आधी बघून घ्या, मग गोळी सुरू करा.

दाताच्या दवाखान्यात येताना काय आणू?

ज्या कागदावर औषधाचं नाव आणि तारीख आहे तो. सलाईनचं डिस्चार्ज कार्ड, सुईच्या खोक्याचा मोबाइलवर काढलेला फोटो, मेडिकलचं बिल, यातलं काहीही चालेल. पहिला डोस कधी, शेवटचा कधी, पुढचा कधी, या तीन तारखा घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या पानाचाही फोटो काढून आणा. वर्षांपूर्वी घेऊन बंद केलेलं औषध असेल तरी सांगा. बिस्फॉस्फोनेट असेल तर ते अजून हाडात आहे. स्टेरॉइडची गोळी आणि शेवटची साखर, हेही त्याच कागदावर लिहा.